डाउनलोडच्या फॉर्ममध्ये काय विचारायचं आणि बदल्यात काय द्यायचं: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

कंपनी पावसाचं पाणी वाहून नेणारी चॅनेल आणि त्यांवरच्या जाळ्या बनवते. माल डीलरमार्फत कंत्राटदाराकडे जातो. पण कोणता माल लागणार हे त्याच्या कितीतरी आधी, ड्रॉइंग चालू असतानाच डिझाइन करणारा सल्लागार ठरवून मोकळा होतो. त्याचं नाव विक्री विभागाला कळतच नाही, आणि कळतं तेव्हा टेंडर निघालेलं असतं. म्हणून वेबसाइटच्या डाउनलोड विभागात प्रत्येक फाइलीपुढे एक फॉर्म उभा केला आहे. नाव, कंपनी, हुद्दा, ईमेल, फोन, शहर, देश, प्रकल्पाचं नाव, प्रकल्पाची किंमत, खरेदी कधी, आमच्याबद्दल कुठे ऐकलंत. अकरा रकाने, सगळे सक्तीचे. एक पानी डेटाशीट हवी असली तरी तेच आणि बसवण्याची पुस्तिका हवी असली तरी तेच.

आज जमलेली माहिती उघडून बसलो. फॉर्म किती जणांनी भरला याचा आकडा दर महिन्याला अहवालात जातो, पण आत काय भरलंय हे कुणी पाहत नाही. मी देशाच्या रकान्यापासून सुरुवात केली. अफगाणिस्तानातून आलेल्या नोंदींचा ढीग लागला होता. आमचा तिथे ना डीलर, ना काही काम. कारण साधं आहे: देशांची यादी वर्णक्रमाने लावलेली आहे आणि तिच्या डोक्यावर ‘निवडा’ असा रिकामा पर्याय नाही. माणसाने तो रकाना पाहिलाच नाही तरी उत्तर भरलेलं राहतं. ‘खरेदी कधी’ या यादीतही पहिलाच पर्याय, ‘एका महिन्यात’, सगळ्यात जास्त वेळा आला आहे. विक्रीवाले त्याला घाईचं गिऱ्हाईक समजून आधी फोन लावतात. फोनच्या रकान्यात एकच अंक दहा वेळा. कंपनीच्या रकान्यात नुसतं टिंब.

यांतल्या कुणी मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. त्याला चॅनेलची खोली बघायची होती, आणि आपण त्याला प्रकल्पाची किंमत विचारली.

५ फेब्रुवारी

फॉर्म बाजूला ठेवून आधी फाइली लावायला घेतल्या. प्रत्येक फाइलीला एकच प्रश्न विचारला: ही कोण उघडतं, आणि त्या वेळी तो काय करत असतो?

बसवण्याची पुस्तिका साइटवरचा माणूस उघडतो. खड्डा खणून झालेला असतो, काँक्रीटची गाडी वाटेवर असते, आणि त्याला चॅनेलच्या दोन्ही बाजूंना आणि खाली काँक्रीट किती जाड घ्यायचं तेवढं हवं असतं. ते माप लोड क्लासप्रमाणे, म्हणजे वरून किती भार जाणार त्या वर्गाप्रमाणे बदलतं. काँक्रीट कमी पडलं तर जड चाकाचा भार बाजूच्या फरशीतून चॅनेलच्या भिंतीवर येतो, भिंती आत दबतात, जाळी अडकते किंवा उचकटते. मग तक्रार आमच्याकडेच येते. या कागदापुढे फॉर्म ठेवणं म्हणजे चुकीच्या जोडणीला आपणच निमंत्रण देणं. पुस्तिका खुली.

सांधे भरायच्या सीलंटची सुरक्षा माहिती पत्रकंही खुली. युरोपातल्या रीच या रसायनांबद्दलच्या नियमावलीच्या कलम ३१ प्रमाणे ती माल घेणाऱ्याला विनामूल्य द्यावीच लागतात. कामगिरीचं घोषणापत्रही तसंच. बांधकाम उत्पादनांच्या ३०५/२०११ या युरोपीय नियमाने ते देणं बंधनकारक केलं आहे. जे कायद्याने द्यायचंच आहे त्याच्या बदल्यात फोन नंबर मागण्यात अर्थ नाही.

डेटाशीटवर मात्र वाद होणार. ती सल्लागार उघडतो, बहुतेक वेळा तीन कंपन्यांचे टॅब शेजारी उघडे ठेवून. त्याला आतली रुंदी, उंची, जाळीचे प्रकार आणि लोड क्लास जुळतात का एवढंच पाहायचं असतं. ज्या टॅबमध्ये फॉर्म येतो तो टॅब बंद होतो. शिवाय आमच्या बहुतेक डेटाशीट डीलरांच्या साइटवर पडलेल्या आहेत आणि सर्चमध्ये थेट उघडतात. म्हणजे फॉर्म फक्त त्यालाच अडवतो जो सरळ आमच्या दारात आला. कॅड ब्लॉकचं आणि बिम मॉडेलचंही तेच. एकदा आमचं चॅनेल त्याच्या ड्रॉइंगमध्ये बसलं की ते काढून दुसऱ्याचं टाकायला त्याला कष्ट पडतात. हे ड्रॉइंगमध्ये जाणं आपल्याला हवंच आहे, तिथे आडकाठी कशाला.

सगळं खुलं केल्यावर हातात फारसं काही उरत नाही. जे उरतं त्याचाच विचार करायचा आहे.

९ फेब्रुवारी

विक्रीप्रमुखांबरोबर बैठक. त्यांची काळजी खरी आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. “सगळं मोकळं सोडलंत तर माझ्या माणसांनी सोमवारी सकाळी कुणाला फोन लावायचा?” असं त्यांनी विचारलं.

मी अकरा रकान्यांची छापील यादी पुढे ठेवली आणि म्हटलं, “सर, प्रत्येक रकान्यापुढे एक गोष्ट लिहू. हे उत्तर आल्यावर कोण काय करतो. ते लिहिता आलं तर रकाना राहील.”

प्रकल्पाच्या किमतीवर ते स्वतःच थांबले. ड्रॉइंगच्या टप्प्यावर सल्लागाराला अख्ख्या प्रकल्पाची किंमत फार तर अंदाजाने माहीत असते, आणि त्यातला आमच्या चॅनेलचा वाटा त्या आकड्यावरून निघत नाही. एका मोठ्या इमारतीला दाराशी दहा मीटर चॅनेल लागतं आणि एका साध्या गोदामाच्या अंगणाला त्याच्या कितीतरी पट. रकाना गेला. ‘कुठे ऐकलंत’ हा जाहिरात विभागाचा होता. मागच्या वर्षात त्यावरून एकही निर्णय झालेला नाही, हे त्या विभागानेच सांगितलं. पण तो काढायला विभाग आज तयार झाला नाही. हुद्दा मोकळ्या रकान्यात लिहून घेतल्याने ‘इंजि.’, ‘सीनियर’, ‘पार्टनर’ असं काहीही येतं आणि त्यावरून काही ठरत नाही.

फोनवर बराच वेळ गेला. “फोन नसेल तर लीड कसली?” असं ते म्हणाले. मग त्यांच्याच एका अनुभवी प्रतिनिधीला बोलावलं. त्याने सरळ सांगितलं की डाउनलोडनंतर केलेल्या फोनला समोरून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: “मी फक्त माप बघत होतो.” पुढे त्या माणसाचा फोन उचलला जात नाही. आणि जे फोन चांगले जातात त्यांत समोरच्याने आधी काहीतरी विचारलेलं असतं. उतार कमी आहे, आउटलेट किती लागतील, असलं काही. प्रमुख ऐकत राहिले.

प्रकल्प कुठे आहे हा रकाना मात्र टिकला. डीलरांचे प्रदेश ठरलेले आहेत, आणि चौकशी कुणाकडे द्यायची ते त्यावरूनच ठरतं. इथे एक बारीक गोष्ट निघाली. जुना फॉर्म शहर विचारतो, पण कुणाचं ते सांगत नाही. सल्लागार आपल्या ऑफिसचं शहर लिहितो आणि प्रकल्प भलतीकडेच असतो. चौकशी चुकीच्या डीलरकडे जाते आणि दोन डीलरांत वाद होतो. आपल्याला प्रकल्पाची जागा हवी आहे, माणसाची नाही.

१३ फेब्रुवारी

आज टेक्निकल डेस्कवर दिवसभर बसलो, आणि या कामाचा गाभा तिथे सापडला.

डेस्कवर रोज अशा मेल येतात: सोबत अंगणाचा नकाशा जोडला आहे, चॅनेल कोणतं घ्यायचं आणि आउटलेट किती, ते कळवा. तिथल्या इंजिनीअर मॅडम स्वतःच्या एक्सेलमध्ये आकडे टाकतात आणि दोन पानी पत्रक करून पाठवतात. त्याला डेस्कवर ‘साइझिंग शीट’ म्हणतात. सल्लागार ते पत्रक आपल्या डिझाइन अहवालाला जोडतो. काही जण पुढच्या कामाला पुन्हा थेट मॅडमनाच मेल करतात. म्हणजे लोक आपलं नाव, कंपनी, नकाशा, सगळं आपणहून देत आहेत. पण डेटाशीटसाठी नव्हे, या पत्रकासाठी.

मॅडमनी एक उदाहरण करून दाखवलं. माल उतरवायचं काँक्रीटचं अंगण, १२०० चौरस मीटर. पावसाची तीव्रता तासाला ७५ मिलिमीटर धरलेली. काँक्रीटवरून बहुतेक पाणी वाहूनच येतं, म्हणून अपवाह गुणांक ०.९.

```
Q = C × i × A / 3600
Q = 0.9 × 75 × 1200 / 3600 = 22.5 L/s
```

अंगणाच्या कडेने ६० मीटर चॅनेल. म्हणजे दर मीटरला ०.३७५ लिटर प्रतिसेकंद आत येतं. चॅनेलमधलं पाणी सुरुवातीला नगण्य असतं आणि आउटलेटकडे जाताना वाढत जातं, त्यामुळे एकच आउटलेट शेवटाला ठेवला तर तिथे सगळेच्या सगळे २२.५ लिटर पोचतात आणि चॅनेल खोल घ्यावं लागतं. प्रत्येकी ३० मीटरचे दोन तुकडे करून दोन आउटलेट दिले तर प्रत्येकावर ११.२५ येतात आणि एक पायरी लहान चॅनेल चालतं. जास्तीचा आउटलेट आणि त्याची पाइप यांचा खर्च एकीकडे, खोल चॅनेल आणि खोल खोदाई दुसरीकडे. तो निर्णय सल्लागाराचा. पत्रक दोन्ही पर्याय शेजारी मांडतं, आणि हेच त्याला दुसरीकडे तयार मिळत नाही.

मग लोड क्लास. ईएन १४३३ या चॅनेलच्या युरोपीय मानकात सहा वर्ग आहेत, ए १५ पासून एफ ९०० पर्यंत. ए १५ पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या जागेसाठी, डी ४०० रस्त्यासाठी, एफ ९०० विमानतळासारख्या जागांसाठी. आकडा किलोन्यूटनमध्ये. अंगणात ट्रक येतात की फोर्कलिफ्ट, यावर जाळी, तिचं कुलूप आणि भोवतीचं काँक्रीट सगळं बदलतं.

मी पाहत होतो की मॅडम समोरच्याला नेमकं काय विचारतात. क्षेत्रफळ, तीव्रता, चॅनेलची लांबी, उतार, कोणती वाहनं, आणि पत्रकावर प्रकल्पाचं नाव काय लिहू. यांतला एकही प्रश्न लोकांना खुपत नाही, कारण प्रत्येक उत्तराने हातात येणारा कागद बदलतो. आणि विक्रीला जे कळायला हवं ते सगळं यातच आहे. ६० मीटर आणि डी ४०० हे कळलं की ऑर्डर केवढी होईल याचा अंदाज प्रकल्पाच्या किमतीपेक्षा कितीतरी चांगला बांधता येतो.

तर द्यायचं ते हे. फॉर्म या पत्रकापुढे असेल आणि बाकी कशापुढेच नसेल.

१७ फेब्रुवारी

आता अडसर नेमका कुठे घालायचा. दोन टोकांची मतं आली. एक: आधी ईमेल घ्या, मग आकडे टाकू द्या. दुसरं: सगळं मोकळं ठेवा आणि शेवटी ‘संपर्क करा’ असं बटण द्या.

पहिल्यात माणूस आपली माहिती देतो, पण आत काय मिळणार हे त्याला दिसलेलं नसतं. दुसऱ्यात पडद्यावरचा फोटो काढून तो निघून जातो आणि नंतर उतार बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

आम्ही मधली जागा ठरवली. आकडे टाकले की एकूण प्रवाह आणि सुचवलेली चॅनेल मालिका लगेच पडद्यावर, काहीही न विचारता. त्यावरून त्याला कळतं की हिशोब बरोबर चालला आहे, कारण एवढं त्याने स्वतःही मांडून पाहिलेलं असतं. आउटलेटच्या दोन्ही पर्यायांचा तक्ता, चॅनेलच्या तुकड्यांचा क्रम, भोवतालच्या काँक्रीटचं ड्रॉइंग आणि टेंडरमध्ये टाकायचा मजकूर हे पूर्ण पत्रकात. पत्रक ईमेलवर. आणि पत्रकाला क्रमांक, म्हणजे नंतर उतार किंवा क्षेत्रफळ बदललं तर त्याच क्रमांकावर सुधारित आवृत्ती काढता येईल. ही सुधारित आवृत्ती मला फार महत्त्वाची वाटते. डिझाइन एका फेरीत कधीच संपत नाही. ईमेल मागण्याचं खरं कारण तिथे तयार होतं.

टेंडरच्या मजकुरावर मॅडमनी एक अट घातली आणि ती मला पटली. मजकुरात आमच्या मालिकेचं नाव असेलच, पण त्याबरोबर लोड क्लास, आतलं माप आणि साहित्य हे गुणधर्मही स्पष्ट लिहायचे. सरकारी कामांत एकाच कंपनीचं नाव टाकलेला मजकूर अनेक ठिकाणी चालत नाही, आणि मग सल्लागाराला तो नव्याने लिहावा लागतो. तसं झालं तर आपण त्याचं काम वाढवलं.

२० फेब्रुवारी

रकान्यांची शब्दरचना. आकडे आणि अजून वादात असलेला ‘कुठे ऐकलंत’ सोडला तर चार रकाने उरले.

पहिला, ‘पत्रकावर छापायचं प्रकल्पाचं नाव’. जुन्या फॉर्ममध्ये नुसतं ‘प्रकल्पाचं नाव’ होतं आणि तिथे लोक ‘टेस्ट’ लिहायचे. आता तेच नाव कागदाच्या माथ्यावर येणार असल्याने माणूस ते आपल्यासाठी लिहितो. काही प्रकल्प गोपनीय असतात, म्हणून सांकेतिक नाव किंवा जॉब नंबर चालेल असं खाली लिहिलं आहे. विक्रीला नावाची हौस असते, पण जॉब नंबरवरही काम भागतं.

दुसरा, प्रकल्पाची जागा. तिसरा, आपण कोण. यादीत सल्लागार, कंत्राटदार, डीलर, देखभाल करणारे, विद्यार्थी, आणि अन्य. विद्यार्थी हा पर्याय हवाच असा मी आग्रह धरला. तो नसला की विद्यार्थी ‘सल्लागार’ निवडतात आणि प्रतिनिधीचा दिवस वाया जातो. पत्रक त्यांनाही तेवढंच पूर्ण मिळेल. यादीत आधीपासून निवडलेलं काहीच नसेल, अफगाणिस्तानचा धडा इथे लागू. या उत्तराने कागदही बदलतो: कंत्राटदाराला मजकुराऐवजी तुकड्यांची मोजणी आधी दिसते, देखभालवाल्याला बदली जाळीचे क्रमांक.

चौथा, ईमेल. फुकटच्या मेलसेवांचे पत्ते नाकारायचे का, असा प्रस्ताव होता. नाकारला. छोटे कंत्राटदार आणि एकट्याने काम करणारे सल्लागार तेच पत्ते वापरतात, आणि आमचा बराच माल त्यांच्याच हातून लागतो. कंपनीचं नाव विचारत नाही. ऑफिसचा पत्ता असला तर नाव त्यात दिसतंच, नसला तर त्यावर अडून काही मिळत नाही.

आमची माहितीपत्रिका ईमेलवर पाठवायच्या संमतीची चौकट वेगळी, रिकामी, आणि ती न भरताही पत्रक मिळेल. यावर थोडी कुरकुर झाली. आमचे गिऱ्हाईक युरोपातही आहेत. तिथल्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या कायद्याच्या कलम ७(४) प्रमाणे, एखादी गोष्ट देणं अनावश्यक संमतीवर अडवून धरलं असेल तर ती संमती मोकळेपणाने दिली असं मानणं कठीण होतं. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हेही युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, ज्याला पत्रिका नको आहे त्याला ती पाठवून आपल्या मेल स्पॅममध्ये जायला लागतात, आणि मग पत्रकाची मेलही त्यांच्याबरोबर तिकडेच जाते.

ईमेलच्या रकान्याखाली एक वाक्य लिहिलं: ‘या पत्त्यावर पत्रक येईल, आणि त्यात वापरलेलं उत्पादन बदललं किंवा बंद झालं तर कळवू. एवढंच.’ हे वाक्य पाळायची जबाबदारी विक्रीप्रमुखांनी लेखी घेतली आहे.

२५ फेब्रुवारी

पोचवण्याची बाजू. पत्रक मेलला जोडून पाठवायचं की लिंक द्यायची? मोठ्या कंपन्यांचे फिल्टर जोडलेली फाइल अडवून ठेवतात, म्हणून लिंक. लिंकची मुदत दोन दिवसांत संपावी असं डेव्हलपरचं मत होतं, सुरक्षिततेसाठी. इथे मी ठाम राहिलो. सल्लागार ती लिंक अहवालात चिकटवतो आणि सहा महिन्यांनी तपासणारा इंजिनीअर ती उघडतो. लिंक मेलेली असेल तर आपला कागदही मेला. तोडगा असा: लिंक लांबलचक आणि अंदाज न लावता येणारी, पण मुदतीशिवाय.

मग ती सर्चमध्ये येऊ नये याची व्यवस्था. पीडीएफमध्ये वेबपानासारखा मेटा टॅग घालता येत नाही, त्यामुळे सर्व्हरने फाइलीबरोबर हे पाठवावं लागतं:

```
X-Robots-Tag: noindex
```

आणि त्या फोल्डरला `robots.txt` मध्ये बंदी घालायची नाही. बंदी घातली तर सर्च इंजिनाचा बॉट फाइलीपर्यंत पोचतच नाही, ही सूचना त्याला दिसत नाही, आणि कुणी बाहेरून लिंक दिली असेल तर पत्ता तरीही यादीत येऊ शकतो. दोन्ही एकदम लावायची सवय अनेकांना असते.

ईमेल टाइप करताना चूक झाली तर पत्रक कुठेच पोचत नाही, आणि माणसाला वाटतं आपण पाठवलंच नाही. म्हणून ‘पाठवलं’ या संदेशात पत्ता मोठ्या अक्षरांत पुन्हा दिसतो आणि शेजारी ‘बदला’ आहे. फोनवर भरणाऱ्यांसाठी रकान्याला `type="email"` आणि `autocomplete="email"` दिलं, म्हणजे कीबोर्ड योग्य येतो आणि पत्ता आपोआप भरतो.

४ मार्च

प्रतिनिधीला काय दिसेल ते आज ठरलं. जुन्या पद्धतीत त्याला अकरा ओळींचा तक्ता यायचा. आता एक वाक्य येतं: सल्लागार, अमुक जागी माल उतरवायचं अंगण, ६० मीटर, डी ४००, दोन आउटलेटचा पर्याय उघडून पाहिला, पत्रकाची दुसरी आवृत्ती काढली.

दुसरी आवृत्ती ही खूण प्रमुखांना सगळ्यात आवडली. पहिलं पत्रक कुतूहलानेही निघतं. ज्याने उतार बदलून पुन्हा काढलं तो खरोखर डिझाइन करतो आहे. त्याने आपणहून विचारलं तर त्याच्याशी बोलायचं ते हिशोबाबद्दल. आपण होऊन कुणी संपर्क करायचा नाही, हे ठरलं.

फोनचा रकाना इथे परत आला, पण वेगळ्या जागी. पत्रकाच्या शेवटी ‘आमच्या इंजिनीअरकडून तपासून घ्या’ अशी लिंक आहे. तिथे फोन ऐच्छिक, आणि कोणत्या वेळी बोललेलं चालेल हा प्रश्न. ज्याला बोलायचं आहे तो नंबर देतोच. डेस्कला एक कामाचा दिवस द्यावा लागेल, म्हणून ‘दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर उत्तर’ असं लिहिलं. मॅडमनी सांगितलं तेवढंच लिहिलं, कमी-जास्त काही नाही.

एक इशाराही घातला. कुणी वाहनांमध्ये ट्रक निवडला आणि लोड क्लास ए १५ ठेवला, तर पत्रक तयार होण्याआधी ते दाखवायचं. चुकीचा वर्ग आमच्या नावाच्या कागदावर छापून बाहेर जाऊ नये.

१२ मार्च

फॉर्म गेल्या आठवड्यात चालू झाला. कोण कोणत्या रकान्यावर थांबतो हे आम्ही मोजतो आहोत (मजकूर नाही, फक्त कुठवर पोचले ते). बहुतेक गळती एकाच ठिकाणी आहे: पावसाची तीव्रता. ईमेलवर कुणी फारसं अडत नाही, तीव्रतेवर अडतात. कंत्राटदार तर तिथूनच परततात.

हे समजण्यासारखं आहे. तो आकडा स्थानिक प्राधिकरणाकडून किंवा हवामान खात्याच्या नोंदींवरून घ्यायचा असतो, किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरायचा यावर बदलतो, आणि तो प्रत्येकाच्या हाताशी नसतो. कुणीतरी सुचवलं की ७५ आधीच भरून ठेवा. मी नको म्हटलं. भरून ठेवलेला आकडा लोक तपासत नाहीत, आणि तो आमच्या पत्रकावर आमचा म्हणून छापला जातो.

त्याऐवजी ‘अजून ठरलेलं नाही’ असा पर्याय दिला. तो निवडला की पत्रकात तीन आकड्यांचे हिशोब शेजारी येतात. त्याच अंगणासाठी तासाला ५० मिलिमीटर धरले तर १५ लिटर प्रतिसेकंद, ७५ ला २२.५, १०० ला ३०. खाली ठळक ओळ: अंतिम आकडा प्राधिकरणाकडून घ्यावा, तोवर हे पत्रक प्राथमिक. माथ्यावरही ‘प्राथमिक’ छापलेलं. मॅडमच्या मते हे आधीच्यापेक्षा उपयोगी आहे, कारण तीन आकडे समोर दिसले की तीव्रतेने चॅनेलची पायरी कुठे बदलते ते सल्लागाराला कळतं, आणि तो आकडा शोधायला जातो. मग दुसरी आवृत्ती काढायला परत येतो.

२६ मार्च

महिन्याचा अहवाल. नोंदींची संख्या उतरली, आणि हे आधीच सांगून ठेवलेलं होतं तरी बैठकीत शांतता पसरली. मी संख्येच्या शेजारी दुसरे रकाने मांडले: किती मेल परत आल्या, किती पत्रकांची दुसरी आवृत्ती निघाली, किती जणांनी तपासणी मागितली. परत येणाऱ्या मेल जवळजवळ थांबल्या आहेत. डेस्कवर येणाऱ्या साध्या मेल घटल्या, आणि ज्या येतात त्यांत पत्रकाचा क्रमांक असतो. त्यामुळे मॅडमना पहिल्यापासून विचारावं लागत नाही.

एक तक्रार मात्र खरी निघाली. एका डीलरने आपल्या सगळ्या कंत्राटदारांची पत्रकं स्वतःच्या ईमेलवर काढली. नोंदी एकाच माणसाच्या नावे साचल्या आणि त्या भागातली चौकशी प्रतिनिधीला एकाच गिऱ्हाइकाची वाटली. डीलरचं काही चुकलं नाही, तो आपल्या लोकांना मदतच करत होता. ‘आपण कोण’ मध्ये डीलर निवडला की आता एक ऐच्छिक रकाना दिसतो: ‘पत्रक कोणासाठी’. तिथे लिहिलेलं नाव पत्रकावर छापलं जातं आणि डीलरचं नाव खाली ‘पुरवठादार’ म्हणून येतं. ही चौकशी दुसऱ्या डीलरकडे वळवायची नाही, असा नियम व्यवस्थेतच घातला, नाहीतर उद्यापासून डीलर स्वतःला कंत्राटदार म्हणवतील.

‘कुठे ऐकलंत’ हा रकाना आज जाहिरात विभागाच्या संमतीने गेला. जुन्या फॉर्ममधल्या नोंदींचाही निर्णय झाला: ज्यांचे पत्ते चालतात आणि ज्यांनी संमती दिल्याचं दाखवता येतं त्या ठेवायच्या, बाकीच्या ३० एप्रिलपर्यंत पुसायच्या. यादी डेव्हलपरकडे दिली आहे. पुढच्या आवृत्तीत उताराच्या रकान्याला ‘जमीन सपाट आहे’ असा पर्याय हवा. त्यासाठी पायऱ्यापायऱ्यांनी खोल होत जाणाऱ्या चॅनेलचा हिशोब मॅडमच्या एक्सेलमधून पत्रकात आणायचा आहे.